चेहरा न दाखवता दिलेली साक्ष: फोनवर केलेल्या एका बातमीचं प्रकरण

एका मोठ्या गोदामात रात्रपाळी सुरू असताना मागचं आपत्कालीन दार बाहेरून कुलूप लावून बंद ठेवतात, अशी तक्रार तिथल्याच एका कामगाराने आमच्या बातमीदाराकडे केली. कारण सरळ होतं: मालाची चोरी होऊ नये. आत आग लागली तर बाहेर पडायला पुढचं एकच दार उरतं. कामगार कॅमेऱ्यासमोर बोलायला तयार होता, पण त्याने स्पष्ट सांगितलं, "नाव नको, चेहरा नको. त्यांना कळलं तर दुसऱ्या दिवशी मला आत घेणार नाहीत."

बातमीदार एकटी होती. तिच्याकडे फोन, छोटा ट्रायपॉड, वायरचा कॉलर माइक आणि इअरफोन एवढंच सामान होतं. मी व्हिडिओ डेस्कवर संपादनाला होतो. शेवटी जी बातमी गेली ती एक मिनिट पन्नास सेकंदांची होती. त्यातली बरीचशी दृश्यं पहिल्या कच्च्या कटमध्ये नव्हती आणि कच्च्या कटमधली सगळ्यात दमदार वाटणारी दृश्यं आम्ही वापरली नाहीत. ती का वापरली नाहीत, हेच या प्रकरणात पाहण्यासारखं आहे. ओळख लपवण्याचं वचन तोंडाने दिलं जातं. ते पाळलं जातं की मोडतं, हे फ्रेम, आवाज आणि फाइल यांवर ठरतं.

काळी आकृती, जी काळी नव्हती

मुलाखत दिवसा एका खोलीत झाली. बातमीदाराने कामगाराला खिडकीकडे पाठ करून बसवलं, म्हणजे मागून उजेड येईल आणि समोरून फक्त काळी आकृती दिसेल. टीव्हीवर आपण हे वर्षानुवर्षं पाहत आलो आहोत. मोठ्या कॅमेऱ्यावर हे जमतं, कारण तिथे एक्स्पोजर माणूस हाताने ठरवतो. फोनचं काम वेगळं असतं. फोन फ्रेममध्ये चेहरा शोधतो आणि तो उजळ दिसावा म्हणून एक्स्पोजर वाढवतो. शिवाय एचडीआर चालू असेल तर तो सावलीतला भागही वर उचलतो. साध्या वापरात ही सोय आहे, इथे मात्र तीच घात करते.

बातमीदाराला हे माहीत होतं. तिने स्क्रीनवर खिडकीच्या उजळ भागावर बोट दाबून धरलं, फोकस आणि एक्स्पोजर लॉक केलं आणि सूर्याचं चिन्ह खाली ओढलं. स्क्रीनवर माणूस पूर्ण काळा दिसत होता. फोनच्या पडद्यावर तरी काम चोख झालं होतं.

डेस्कवर अशा प्रत्येक शॉटची आम्ही एकच चाचणी करतो. क्लिप संपादनाच्या अ‍ॅपमध्ये घ्यायची आणि शॅडो व एक्स्पोजर यांच्या पट्ट्या शेवटपर्यंत उजवीकडे सरकवायच्या. तसं करताच गालाचं हाड, चष्म्याची काडी आणि कानाचा आकार वर आला. चित्र दाणेदार होतं, पण त्याला रोज पाहणाऱ्या मुकादमाला तेवढं पुरेसं होतं. डोळ्यांना काळं दिसणं आणि फाइलमध्ये माहिती नसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपण जे करून पाहू शकतो ते प्रेक्षकही करू शकतो, कारण प्रसिद्ध झालेला व्हिडिओ कोणीही उतरवून घेतो.

मग संपादनातच आकृतीवर सपाट काळा रंग भरता आला असता. तसं केलं तरी बसण्याची ढब, मान वाकवण्याची सवय आणि कानाचा कडेचा आकार तसाच राहतो. सहकारी माणसाला चालीवरून ओळखतात, कडेच्या रेषेवरून तर सहज ओळखतात.

चेहरा धूसर करण्याचा पर्यायही चर्चेत आला. यात दोन धोके आहेत. पहिला रोजचाच: माणूस हलतो, धूसर ठिपका त्याच्या मागे धावतो आणि एखाद्या फ्रेममध्ये चुकतो. सेकंदाला पंचवीस फ्रेम असतात आणि ओळख पटायला एक फ्रेम पुरते. म्हणून धूसर केलेला प्रत्येक शॉट फ्रेमनिशी पुढे सरकवत बघावा लागतो. चालू व्हिडिओ बघून ती चूक दिसत नाही. दुसरा धोका असा की काही परिणाम उलटेही फिरवता येतात. २००७ मध्ये इंटरपोलने एका फरारी गुन्हेगाराचे फोटो प्रसिद्ध केले. त्याने आपला चेहरा भोवऱ्यासारखा फिरवून ओळखता येणार नाही असा केला होता. जर्मन पोलिसांच्या तज्ज्ञांनी तो फिरवलेला भाग उलटा फिरवून चेहरा परत मिळवला आणि माणूस पकडला गेला. गुन्हेगार सापडला हे चांगलंच झालं, पण ज्याला तुम्ही वाचवू पाहता त्याच्या चेहऱ्यालाही हेच गणित लागू होतं. चित्रातले ठिपके नुसते हलवले असतील तर ते जागेवर परत आणता येतात. ते पुसून टाकले असतील तरच सुरक्षित.

फोनमधल्या मागची बाजू धूसर करणाऱ्या मोडबद्दल तर विशेष सावध राहायला हवं. फोनचा सेन्सर लहान असल्याने ती धूसरता बहुतेक वेळा भिंगातून येत नाही, सॉफ्टवेअर ती नंतर चढवतं. आयफोनच्या सिनेमॅटिक मोडमध्ये तर रेकॉर्डिंग झाल्यावरही फोकस दुसरीकडे नेता येतो. म्हणजे आउट ऑफ फोकस दिसणारा माणूस मूळ फाइलमध्ये स्पष्टच असू शकतो.

आम्ही मुलाखतीचा एकही शॉट वापरला नाही.

आवाज चांगला असणं हीच अडचण

मुलाखतीचा आवाज उत्तम होता, आणि तो कसा मिळवला हे सांगण्यासारखं आहे. कॉलर माइक हनुवटीपासून वीतभर खाली लावला होता. माइक आणि तोंड यांतलं अंतर दुप्पट झालं की थेट आवाज सुमारे सहा डेसिबलने घसरतो, खोलीचा घुमारा मात्र तेवढाच राहतो. म्हणून दीड मीटरवरच्या ट्रायपॉडवरच्या फोनचा स्वतःचा माइक कितीही चांगला असला तरी बोलणं विहिरीतून आल्यासारखं लागतं. माइक लावल्यावर बातमीदाराने नखाने तो हलकेच खरवडला आणि इअरफोनमध्ये ते ऐकलं. ही सवय मोलाची आहे. बाहेरचा माइक नीट जोडला गेला नसेल, किंवा कॅमेऱ्याच्या तीन कप्प्यांच्या पिनचा माइक चार कप्प्यांच्या फोनच्या खाचेत घातला असेल, तर बरेच फोन काहीही न सांगता स्वतःच्या माइकवर रेकॉर्ड करत राहतात. आवाजाची पातळी दाखवणारी पट्टी हलताना दिसते आणि सगळं ठीक वाटतं. खरवडल्याचा मोठा, जवळचा आवाज आला तरच आपला माइक चालू आहे असं समजायचं.

फोन विमान मोडवर होता, म्हणजे मध्येच कॉल येऊन रेकॉर्डिंग तुटणार नाही. आवाजाची शिखरं वजा बारा ते वजा सहा डेसिबलच्या दरम्यान होती. शून्याला आपटलेला आवाज फाटतो आणि तो पुढे कशानेही जुळत नाही.

एवढा स्वच्छ आवाज, आणि त्यामुळेच तो माणूस लगेच ओळखू येत होता. एका अक्षरावर अडखळण्याची त्याची लकब होती आणि एक ठरावीक शब्द तो वाक्याच्या शेवटी जोडायचा.

बहुतेक जण अशा वेळी आवाजाची पट्टी खाली नेतात, म्हणजे राक्षसी घोगरा आवाज येतो. तो परिणाम उलट दिशेने तेवढाच फिरवला की मूळ आवाजाच्या अगदी जवळ जाता येतं आणि त्यासाठी लागणारी साधनं फुकट मिळतात. शिवाय पट्टी बदलली तरी लय, अडखळणं आणि आवडते शब्द तसेच राहतात.

म्हणून आम्ही त्याचं बोलणं शब्दशः उतरवलं आणि ते आमच्या एका सहकाऱ्याच्या आवाजात नव्याने रेकॉर्ड केलं. उतरवताना एक अवघड प्रश्न आला. तो शेवटी जोडायचा तो शब्द ठेवायचा का? साक्ष बदलायची नाही हा नियम आहे आणि ओळख लपवायची हेही वचन आहे. त्या शब्दाने वाक्याच्या अर्थात काही भर पडत नव्हती, म्हणून आम्ही तो गाळला आणि गाळणार असल्याचं कामगाराला आधी सांगितलं. बाकी एकही वाक्य पुढेमागे केलं नाही. पडद्यावर पूर्ण वेळ ओळ होती: "शब्द कामगाराचे, आवाज आमच्या प्रतिनिधीचा." ही ओळ सुरुवातीला दोन सेकंद दाखवून काढून टाकणं मला पटत नाही. बरेच जण व्हिडिओ मधूनच बघायला लागतात आणि त्यांना तो खरा आवाज वाटतो.

त्याने दिलेली क्लिप

कामगाराने स्वतःच्या फोनवर आतून काढलेली अकरा सेकंदांची क्लिप दिली होती. दार ढकलल्यावर उघडत नाही, हे त्यात स्पष्ट दिसत होतं. बातमीचा प्राणच तो. बातमीदाराने ती मेसेजिंग अ‍ॅपवरून न घेता त्याच्या फोनवरून थेट घेतली. अ‍ॅपवरून आलेली फाइल बहुतेक वेळा दाबून लहान केलेली असते आणि तिच्यातली तारीख-वेळ पुसली गेलेली असते. पडताळणीला ती जवळपास निरुपयोगी. मूळ फाइलमध्ये तारीख होती आणि ती त्याच्या सांगण्याशी जुळत होती.

तरी ती आम्ही दाखवली नाही. क्लिप कुठून काढली हे फ्रेममध्येच लिहिलेलं होतं. डाव्या कोपऱ्यात मालाची एक मांडणी होती, कॅमेऱ्याची उंची छातीइतकी होती आणि दार ज्या कोनातून दिसत होतं तो एकाच कामाच्या जागेवरून मिळतो. कामगाराला विचारलं तेव्हा त्याने सांगितलं, त्या जागेवर त्या पाळीत तिघेच असतात. क्लिप प्रसिद्ध केली असती तर व्यवस्थापनाला तिघांतून एकाला शोधायचं काम उरलं असतं, किंवा तिघांनाही काढणं त्यांना सोपं गेलं असतं. दुसऱ्या दोघांनी तर आमच्याशी काही बोलणंही केलं नव्हतं. चेहरा झाकणं हे ओळख लपवण्याचं एक अंग झालं. कॅमेरा कुठे होता हेही कोणाकडे तरी बोट दाखवतं.

क्लिपचा उपयोग आमची खात्री पटण्यापुरता झाला. प्रेक्षकाला दाखवायला दुसरा पुरावा हवा होता.

सार्वजनिक रस्त्यावरून एक अखंड शॉट

कुलूप बाहेरच्या बाजूला होतं, हीच बातमीदाराला मिळालेली वाट. गोदामाच्या मागून सार्वजनिक रस्ता जातो आणि तिथून दार दिसतं. ती रात्री तिथे गेली.

रात्री फोनवर लांबची वस्तू टिपणं फसवं असतं. स्क्रीनवर तीन पट किंवा पाच पट झूम निवडलं तरी उजेड कमी असेल तर बरेच फोन टेलिफोटो भिंग वापरतच नाहीत; मुख्य भिंगाचंच चित्र कापून मोठं करतात. हे ओळखायला सोपं आहे: टेलिफोटो भिंगावर बोट ठेवायचं. चित्र तसंच राहिलं तर ते मुख्य भिंगातून येतंय. तिने तसं केलं आणि चित्र तसंच राहिलं. तिने झूम सोडून दिलं आणि रस्त्याच्या कडेला जितकं जवळ जाता येईल तितकं जाऊन मुख्य भिंगाने शूट केलं. फ्रेममध्ये कुलूप लहान होतं, पण कुलूप म्हणून ओळखू येत होतं.

पहिल्या टेकमध्ये रस्त्याच्या दिव्याखाली उजेडाच्या पट्ट्या वर सरकताना दिसत होत्या. पन्नास हर्ट्झच्या विजेवरचा दिवा सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतो. फोन सेकंदाला तीस फ्रेम घेत असेल आणि शटर त्याच्या मर्जीने बदलत असेल तर त्या लुकलुकण्याशी ताळमेळ बसत नाही. तिने हाताने नियंत्रण देणारं कॅमेरा अ‍ॅप उघडलं, पंचवीस फ्रेम आणि एक पन्नासांश सेकंदाचं शटर बांधून दिलं, आणि पट्ट्या गेल्या.

मग तिने जो शॉट घेतला तो या बातमीचा कणा ठरला. रस्त्याच्या फलकापासून सुरुवात, तिथून सावकाश पॅन करत, म्हणजे कॅमेरा आडवा फिरवत, गोदामाच्या उजळलेल्या खिडक्या, आतून येणारा यंत्रांचा आवाज आणि शेवटी दार व कुलूप. चाळीस सेकंद, मध्ये एकही कट नाही. फलकाचा, खिडक्यांचा आणि कुलपाचा वेगवेगळा शॉट घेऊन जोडला असता तर तो अधिक देखणा झाला असता, पण कुलूप त्याच इमारतीचं आहे आणि आत काम चालू असतानाच लावलेलं आहे, हे त्याने सिद्ध झालं नसतं. साधारण मी बातमीदारांना पॅन टाळायला सांगतो. स्थिर फ्रेम दहा सेकंद धरा, संपादनात कापता येते. इथे पॅनला कारण होतं. प्रसिद्ध कटमध्ये आम्ही या शॉटचे सलग बावीस सेकंद ठेवले आणि त्याखाली निवेदन घातलं नाही, फक्त तिथलाच आवाज.

त्या शॉटमध्ये मध्येच एक सुरक्षारक्षक चालत गेला. दिव्याखाली त्याचा चेहरा क्षणभर दिसत होता. कुलूप लावायचा निर्णय त्याचा नव्हता, पण बातमी आल्यावर दोष त्याच्यावर ढकलला जाणं सहज शक्य होतं. आम्ही तो भाग वगळला. बावीस सेकंद तो दिसेनासा झाल्यावर सुरू होतात.

उघडलेलं दार

बातमीदाराने व्यवस्थापनाला प्रतिक्रियेसाठी फोन केला आणि दुसऱ्या दिवशी दिवसाउजेडी शूट करायला गेली तेव्हा कुलूप गायब होतं. दिवसाच्या स्वच्छ उजेडात कुलपाचा जवळचा शॉट तिच्याकडे नव्हता. दारापाशी उभा असलेला एक जण मदतीच्या सुरात म्हणाला, "पाहिजे असेल तर लावून दाखवतो, रोज असंच असतं." तो खरं बोलत होता यात मला शंका नाही. तरीही तो शॉट घेतला असता तर पडद्यावर दिसणारं कुलूप कॅमेऱ्यासाठी लावलेलं असतं. घडलेली गोष्ट पुन्हा करून दाखवणं म्हणजे ती घडताना टिपणं नव्हे, आणि व्यवस्थापनाने पुढे "हे बनावट आहे" म्हटलं असतं तर ते बरोबर ठरलं असतं. त्या एका शॉटने रात्रीचा खरा शॉटही संशयात आला असता. तिने उघडं दार शूट केलं आणि निवेदनात सांगितलं: आम्ही विचारणा केल्यानंतर कुलूप काढलेलं दिसलं.

व्यवस्थापकाची मुलाखत गेटबाहेर, वाऱ्यात झाली. त्यांना पाठीने वाऱ्याकडे उभं केलं आणि माइकवर फोमची टोपी चढवली. वाऱ्याचा फडफडाट माइकवर बसला की खालच्या पट्टीत जो गडगडाट येतो तो कापताना आवाजाचं अंगही जातं. डोळे फ्रेमच्या वरच्या तिसऱ्या हिश्शाच्या रेषेवर, फोन त्यांच्या डोळ्यांच्या उंचीवर. बातमीदार फोनच्या अगदी लगत उभी राहिली, म्हणजे त्यांची नजर भिंगाच्या जवळच राहील. फोन खालून धरला की उत्तर देणारा उर्मट दिसतो, वरून धरला की केविलवाणा. आरोप असलेल्या माणसाच्या बाबतीत ही उंची न्यायाचा भाग आहे.

त्यांचं उत्तर दोन भागांत होतं. आधी म्हणाले, "दार कधीच बंद नसतं." काही वाक्यांनंतर म्हणाले, "रात्री चोऱ्या होतात, तेव्हा काही काळ बंद करावं लागलं असेल." फक्त पहिलं वाक्य घेऊन त्यावर कुलपाचा शॉट टाकला असता तर ते खोटारडे ठरले असते आणि व्हिडिओ जास्त पसरला असता. आम्ही दोन्ही वाक्यं ठेवली. मधला भाग कापला तिथे दृश्याने कट लपवला नाही. छोटा पांढरा फ्लॅश दिला, म्हणजे इथे काही कापलं आहे हे प्रेक्षकाला कळतं.

फाइल हातातून सोडण्याआधी

संपादन फोनवरच झालं. एक तांत्रिक अडचण आली. व्यवस्थापकाची मुलाखत फोनच्या नेहमीच्या कॅमेऱ्यावर झाली होती आणि तो फ्रेमचा वेग उजेडानुसार खालीवर करतो. सहाव्या मिनिटाला ओठ आणि आवाज यांत फरक दिसू लागला. ती क्लिप आधी स्थिर पंचवीस फ्रेमवर रूपांतरित केली, मग टाइमलाइनवर घेतली. संगीत घातलं नाही. काळजीचं संगीत प्रेक्षकाला निकाल आधीच सांगून टाकतं.

शेवटचं काम फाइलमधल्या लपलेल्या माहितीचं. डिसेंबर २०१२ मध्ये व्हाइस या माध्यमाने पोलिसांपासून लपत फिरणाऱ्या, अँटिव्हायरस कंपनीचे संस्थापक जॉन मॅकॅफी यांच्यासोबतचा एक फोटो प्रसिद्ध केला. फोटो आयफोनवर काढलेला होता आणि त्यात स्थानाचे अक्षांश-रेखांश तसेच होते. ते ग्वाटेमालात आहेत हे वाचकांनी लगेच शोधून काढलं. व्हिडिओ फाइलमध्येही स्थान असू शकतं. सोशल मीडियावर चढवताना ते बहुधा पुसलं जातं, पण फाइल त्याआधी डेस्क, सहकारी आणि कधी अनुवादक यांच्याकडे फिरते. मुलाखत जिथे झाली ते घर कामगाराच्या नातलगाचं होतं. आम्ही प्रत्येक फाइल आधी exiftool या साधनाने तपासली:

```
exiftool -a -G1 mulakhat.mov
```

स्थान सापडलं, मग ffmpeg या साधनाने माहिती काढून नवी प्रत केली आणि त्या प्रतीवर पहिली आज्ञा पुन्हा चालवून पाहिली:

```
ffmpeg -i mulakhat.mov -map_metadata -1 -c copy prat.mov
```

बातमीदाराच्या फोनवर फोटो-व्हिडिओ आपोआप क्लाउडवर जाण्याची सोय तिने मुलाखतीआधीच बंद केली होती. नंतर बंद करून भागत नाही. रेकॉर्डिंग थांबताच फाइल वर जायला लागते. डिलीट केलेल्या गोष्टी फोन काही दिवस वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवतो, तोही तिने रिकामा केला. मूळ मुलाखत आणि अकरा सेकंदांची क्लिप एका कूटबद्ध ड्राइव्हवर आहे. बातमीवर कोणी दावा केला तर पुरावा लागेल म्हणून ती ठेवली, आणि ठेवणार असल्याचं कामगाराला मुलाखतीआधी सांगितलं होतं. तो म्हणाला होता, "तुमच्याकडे राहू द्या, पण किल्ली एकाकडेच ठेवा." ती संपादकांकडे आहे.

बातमी गेल्यावर व्यवस्थापनाने कुलपाच्या शॉटवर आक्षेप घेतला: तो जुना आहे, असं म्हणाले. आम्ही चाळीस सेकंदांचा पूर्ण शॉट, सुरक्षारक्षकाचा चेहरा झाकून, त्यांना दाखवला. फलक, खिडक्या, कुलूप, सगळं सलग. त्यांनी आक्षेप मागे घेतला. कामगार अजून तिथेच कामाला आहे.